फोटोवर मिनिटभर इंग्रजीत बोलायचं कसं

इंग्रजी बोलायला नुकतीच सुरुवात केलेल्या माणसापुढे एक फोटो ठेवला आणि ‘याचं वर्णन करा’ म्हटलं, की बहुतेक वेळा असं ऐकू येतं: ‘देअर इज अ वुमन. देअर इज अ बॉय. देअर इज अ टेबल. देअर इज अ कॅट.’ मग शांतता. घड्याळात जेमतेम वीस सेकंद झालेले असतात आणि बोलणाऱ्याला वाटतं, आपल्याकडे शब्दच कमी आहेत. खरं तर या चार वाक्यांत बाई आली, मुलगा आला, टेबल आलं, मांजरसुद्धा आलं. फक्त ती बाई कुठे आहे आणि काय करतेय, एवढंच राहिलं. ‘कुठे’ आणि ‘काय चाललंय’ ही दोन उत्तरं प्रत्येक वेळी दिली, तर याच शब्दांत मिनिट भरतं.

हे कौशल्य लागतं कुठे, तर केंब्रिजच्या ‘बी१ प्रिलिमिनरी’ परीक्षेच्या तोंडी भागात प्रत्येक उमेदवाराला एक रंगीत फोटो देतात आणि त्यावर एकट्याने साधारण मिनिटभर बोलायला सांगतात. फोटो रोजच्या जगण्यातला असतो: स्वयंपाकघर, बाग, वर्ग, दुकान, प्रवास. पण परीक्षा द्यायची नसली तरी सराव म्हणून हा प्रकार मला सगळ्यात सोयीचा वाटतो. कशावर बोलायचं हे शोधावं लागत नाही, सगळं डोळ्यांसमोर असतं. सगळी मेहनत वाक्यावर करता येते.

या लेखात एकच फोटो धरून शेवटपर्यंत जाऊ. मोबाइलमध्ये असाच एखादा फोटो उघडून ठेवलात तर उत्तम. आपला फोटो स्वयंपाकघराचा आहे. मधोमध मोठं लाकडी टेबल. डाव्या बाजूला हिरवा एप्रन बांधलेली एक बाई गाजरं कापतेय. तिच्या शेजारी सहा-सात वर्षांचा मुलगा स्टुलावर उभा राहून भांड्यात काहीतरी ढवळतोय. उजवीकडे एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचतायत. टेबलाखाली मांजर झोपलंय. मागे खिडकी आहे, तिच्यासमोर छोटं रोप, आणि टेबलाच्या वर छताला दिवा टांगलाय.

आधी वाट ठरवा

तोंड उघडण्यापूर्वी बोट फिरवा. खरोखर बोट. फोटोवर मध्यापासून सुरू करा, डावीकडे जा, तिथून उजवीकडे, मग खाली, आणि शेवटी मागे. या वाटेवर बोट जिथे थांबेल तिथे एक-दोन वाक्यं बोलायची. वाट ठरलेली नसेल तर डोळे आधी मांजराकडे जातात, मग खिडकीकडे, मग पुन्हा बाईकडे, आणि ‘आता काय राहिलं?’ हे शोधण्यातच दहा सेकंद जातात. ऐकणाऱ्याच्या मनातही चित्र उभं राहत नाही.

वाटेवरच्या प्रत्येक थांब्याला इंग्रजीत ठरलेलं नाव आहे. मध्ये म्हणजे ‘इन द मिडल’. डावीकडे ‘ऑन द लेफ्ट’, उजवीकडे ‘ऑन द राइट’. मागचा भाग ‘इन द बॅकग्राउंड’, अगदी पुढचा भाग ‘इन द फोरग्राउंड’. डावं-उजवं हे बघणाऱ्याचं धरायचं, फोटोतल्या माणसाचं नाही. आणि ‘द’ गाळू नका. ‘ऑन लेफ्ट’, ‘इन बॅकग्राउंड’ असं फार ऐकू येतं. मराठीत ‘द’सारखं काही नसल्याने तो जिभेवर आपोआप येत नाही, म्हणून हे पाचही तुकडे एकेका शब्दासारखे अखंड पाठ करावेत असं मी सुचवीन. ‘ऑनदलेफ्ट’ हा जणू एकच शब्द.

जागेने वाक्य सुरू करण्याचा आणखी एक फायदा मराठी माणसाला आयता मिळतो. आपण सहज म्हणतो, ‘टेबलाखाली मांजर झोपलंय.’ आधी जागा, मग कोण, मग क्रिया. इंग्रजीतही ‘अंडर द टेबल, अ कॅट इज स्लीपिंग’ हा क्रम अगदी बरोबर आहे. म्हणजे विचार ज्या क्रमाने येतो त्याच क्रमाने बोलता येतं. बदल दोनच ठिकाणी. आपलं ‘खाली’ टेबलाच्या मागे लागतं, त्यांचं ‘अंडर’ टेबलाच्या आधी येतं. आणि क्रिया कशावर होतेय तो शब्द आपल्याकडे क्रियापदाच्या आधी असतो, त्यांच्याकडे नंतर: ‘गाजरं कापतेय’ चं ‘इज कटिंग कॅरट्स’. ‘ऑन द लेफ्ट’ म्हणता म्हणता पुढचं वाक्य जुळवायला एखादा क्षणही मिळतो, आणि अडखळल्यासारखं वाटत नाही.

मग दोन वस्तूंमधली जागा

‘ऑन द लेफ्ट’सारखे शब्द फोटोचा कोपरा दाखवतात. दुसरा गट एका वस्तूची जागा दुसरीच्या संदर्भात सांगतो: नेक्स्ट टू, बिहाइंड, इन फ्रंट ऑफ, ऑन, अबव्ह, अंडर, बिट्वीन. सुरुवातीला एवढे सात पुरे. यांतले तीन मात्र नीट बघावे लागतात, कारण मराठीत एकच शब्द दोन-तीन कामं करतो.

पहिला ‘वर’. गाजरं टेबलावर आहेत आणि दिवाही टेबलाच्या वर आहे. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ओळखायची खूण सोपी आहे: दोन गोष्टी एकमेकींना टेकल्यात का? गाजरं टेबलाला टेकलीत, म्हणून ‘ऑन द टेबल’. दिवा आणि टेबल यांच्यामध्ये मोकळी हवा आहे, म्हणून ‘अबव्ह द टेबल’. दिव्यासाठी ‘ऑन द टेबल’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टेबललॅम्प येईल. वाक्य व्याकरणाने बरोबर, पण चित्र चुकीचं. भिंतीवरचं घड्याळ मात्र ‘ऑन द वॉल’, कारण ते भिंतीला टेकलेलं आहे. टेकण्यासाठी पृष्ठभाग आडवा असण्याची गरज नाही.

दुसरा ‘मध्ये’. भांड्यामध्ये काहीतरी आहे: ‘इन द बोल’. फोटोच्या मध्ये टेबल आहे: ‘इन द मिडल’. बाई आणि म्हाताऱ्या गृहस्थांच्या मध्ये मुलगा आहे: ‘बिट्वीन द वुमन अँड द ओल्ड मॅन’. आत असेल तर इन, मधोमध असेल तर इन द मिडल, दोघांच्या दरम्यान असेल तर बिट्वीन. बिट्वीन वापरलंत की पुढे दोन नावं आणि त्यांच्यामध्ये ‘अँड’ यायलाच हवा. एकच नाव घेऊन थांबलात तर वाक्य अर्धवट लटकतं.

तिसरा ‘समोर’. खिडकीसमोर रोप आहे: ‘इन फ्रंट ऑफ द विंडो’. पण दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना एकमेकांकडे तोंड करून बसली असतील तर इंग्रजीत ‘ऑपोझिट’ म्हणतात. ‘द मॅन इज सिटिंग ऑपोझिट द वुमन’. आपल्या फोटोत तसं कुणी नाही, पण हॉटेल किंवा ऑफिसच्या फोटोत हमखास लागतो.

‘ऑफ’चं एक सांगून पुढे जाऊ. ‘इन फ्रंट’च्या पुढे ‘ऑफ’ हवा, पण ‘बिहाइंड’च्या पुढे नको. ‘बिहाइंड ऑफ द टेबल’ हे ‘इन फ्रंट ऑफ’च्या सवयीने तोंडात येतं. ‘बिहाइंड द टेबल’ एवढंच म्हणायचं.

बसलाय, उभा आहे, घातलंय

आता क्रियापद. फोटोचं वर्णन प्रेझेंट कंटिन्युअसमध्ये, म्हणजे चालू वर्तमानकाळात करतात. क्षण गोठलेला असतो आणि त्या क्षणी जे चाललेलं होतं ते अजून चालूच आहे असं धरून बोलायचं. रचना सगळ्यांना शाळेपासून माहीत असते: इज किंवा आर, आणि पुढे ‘इंग’ लागलेलं क्रियापद. ‘कापतेय’ म्हणजे ‘इज कटिंग’, ‘वाचतायत’ म्हणजे ‘इज रीडिंग’. इथवर कुणी चुकत नाही.

गडबड होते ती न हलणाऱ्या माणसापाशी. वर मी फोटोचं मराठी वर्णन केलं ते पुन्हा बघा. बाई कापतेय, मुलगा ढवळतोय. पण मुलगा ‘उभा’ आहे, मांजर ‘झोपलंय’, दिवा ‘टांगलाय’. मराठीत ज्याची हालचाल पूर्ण होऊन स्थिती उरली आहे, तिथे आपण झालेल्या क्रियेचं रूप वापरतो. ‘बसतोय’ म्हटलं तर माणूस आत्ता गुडघे वाकवून खुर्चीत टेकतोय असं दिसतं. ‘बसलाय’ म्हटलं तर तो केव्हाच टेकलाय. मनात ‘बसलाय’ येतं आणि जीभ त्याच्या रूपाशी जुळणारं इंग्रजी शोधते. म्हणून ‘ही इज सॅट’, ‘ही सॅट ऑन द चेअर’, ‘शी वोअर अ ग्रीन एप्रन’, ‘द कॅट स्लेप्ट’ अशी वाक्यं निघतात. ‘ही इज स्टँड’ हे तर ‘तो उभा आहे’ याचं थेट रूप.

इंग्रजीत या सगळ्या स्थितींना ‘इंग’च लागतं. बसलाय म्हणजे ‘इज सिटिंग’. उभा आहे म्हणजे ‘इज स्टँडिंग’. झोपलंय म्हणजे ‘इज स्लीपिंग’. कपडे घातलेत म्हणजे ‘इज वेअरिंग’. हातात धरलंय म्हणजे ‘इज होल्डिंग’. भिंतीला टेकून उभा आहे म्हणजे ‘इज लीनिंग अगेन्स्ट द वॉल’. टांगलंय म्हणजे ‘इज हँगिंग’. आडवं पडलंय म्हणजे ‘इज लाइंग’. जवळपास प्रत्येक फोटोत यांतली तीन-चार तरी येतातच, कारण फोटोतली माणसं धावण्या-उड्या मारण्यापेक्षा बसलेली, उभी आणि काहीतरी घातलेली जास्त असतात. माझ्या मते नवशिक्याने बाकी सगळं बाजूला ठेवून एक दिवस फक्त या आठ क्रियापदांवर घालवावा. घरात, बसमध्ये, जिथे असाल तिथे दिसेल त्या माणसाकडे बघून मनात म्हणायचं: ही इज सिटिंग, शी इज स्टँडिंग, दे आर वेअरिंग जॅकेट्स.

याला एक अपवाद आहे: ‘ठेवलंय’. ‘कप टेबलावर ठेवलाय’ यावरून ‘द कप इज कीपिंग ऑन द टेबल’ म्हणाल तर अर्थच लागणार नाही, कारण कप स्वतः काही करत नाही. ‘द कप इज केप्ट ऑन द टेबल’ आपल्याकडे बरंच ऐकू येतं, पण साध्या वर्णनात ते अवघडलेलं वाटतं. वस्तू नुसती असेल तर क्रियापदाच्या भानगडीत पडूच नका. ‘द कप इज ऑन द टेबल’, किंवा वस्तू पहिल्यांदाच सांगत असाल तर ‘देअर इज अ कप ऑन द टेबल’.

उलट दिशेचीही एक चूक आहे, ‘इंग’ लावायला नको तिथे लावण्याची. ‘मला खिडकी दिसतेय’ वरून ‘आय ॲम सीइंग अ विंडो’. ‘त्यांना दाढी आहे’ वरून ‘ही इज हॅविंग अ बिअर्ड’. दिसणं आणि असणं या इंग्रजीत चाललेल्या क्रिया मानत नाहीत. ‘आय कॅन सी अ विंडो’, ‘ही हॅज अ बिअर्ड’ असं साधं म्हणायचं. ‘लुक’ दोन्हीकडे सापडतो: मुलगा भांड्याकडे बघतोय म्हणजे ‘द बॉय इज लुकिंग ॲट द बोल’, पण मुलगा खूश दिसतोय म्हणजे ‘द बॉय लुक्स हॅपी’. बघणं चालू आहे, दिसणं नुसतं आहे.

आता पूर्ण मिनिट

घाई न करता, वाक्यांमध्ये श्वास घेत बोललं तर नवशिक्याच्या मिनिटात शंभराच्या आसपास शब्द बसतात. म्हणजे आठ-नऊ शब्दांची बारा-तेरा वाक्यं. तेवढीच तयारी लागते. आपला फोटो त्या वाटेने बोलून पाहू.

‘धिस फोटो शोज अ फॅमिली इन अ किचन. इन द मिडल, देअर इज अ बिग वुडन टेबल. ऑन द लेफ्ट, अ वुमन इज कटिंग कॅरट्स. शी इज वेअरिंग अ ग्रीन एप्रन अँड शी इज स्मायलिंग. नेक्स्ट टू हर, अ लिटल बॉय इज स्टँडिंग ऑन अ स्टूल. ही इज मिक्सिंग समथिंग इन अ बोल. ऑन द राइट, ॲन ओल्ड मॅन इज सिटिंग ऑन अ चेअर. ही इज रीडिंग अ न्यूजपेपर. अंडर द टेबल, अ कॅट इज स्लीपिंग. इन द बॅकग्राउंड, आय कॅन सी अ विंडो. अ लॅम्प इज हँगिंग अबव्ह द टेबल. आय थिंक इट इज मॉर्निंग बिकॉज लाइट इज कमिंग थ्रू द विंडो. मेबी दे आर मेकिंग लंच.’

हे मोठ्याने, घड्याळ लावून वाचून बघा. मग त्याचा सांगाडा बघा. पहिलं वाक्य सगळ्या फोटोचं आहे: कोण आणि कुठे. एवढ्यातच ऐकणाऱ्याला जागा कळते. दुसऱ्यात टेबल येतं, कारण पुढचे सगळे त्या टेबलाभोवती आहेत. मुलाचा ‘नेक्स्ट टू हर’ आणि मांजराचा ‘अंडर द टेबल’ आधी सांगितलेल्या गोष्टीलाच धरून चालतात. आणि जागेचा शब्द प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला नाही, फक्त नव्या माणसापाशी किंवा नव्या कोपऱ्यात जाताना आहे. त्याच माणसाबद्दलचं दुसरं वाक्य ‘ही’ किंवा ‘शी’ने सुरू होतं. प्रत्येक वाक्य जागेनेच सुरू केलंत तर ते यादी वाचल्यासारखं होतं.

पहिल्यांदा उल्लेख करताना ‘अ’ आणि नंतर ‘द’ हेही यात आलंय: आधी ‘अ बिग वुडन टेबल’, मग ‘द टेबल’. ‘अ कॅट’ एकदाच येतं म्हणून तिथे ‘अ’च राहिलं.

शेवटची दोन वाक्यं अंदाजाची आहेत. जे दिसतं ते संपलं आणि वेळ उरला, की अंदाज करायचा, पण त्याला फोटोतला पुरावा जोडायचा. नुसतं ‘आय थिंक इट इज मॉर्निंग’ म्हणून थांबू नका. ‘बिकॉज’ घाला आणि उजेड दाखवा. एका कारणाने वाक्य दुप्पट लांब होतं आणि त्यात आणखी एक चालू वर्तमानकाळ मिळतो. त्या घरात काल काय झालं किंवा या माणसांचं लग्न कधी झालं हे मात्र रंगवत बसू नका. गोष्ट सुरू झाली की भूतकाळ घुसतो, ‘दे वेंट टू द मार्केट’ येतं, आणि पुढची सगळी वाक्यं त्याच्यामागे भूतकाळात जातात.

ऐकून बघायचं काय

मोबाइलच्या रेकॉर्डरवर एक मिनिट बोला आणि लगेच ऐका. एकाच वेळी सगळ्या चुका शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. म्हणून एका ऐकण्यात एकच गोष्ट.

पहिल्यांदा फक्त ‘इज’ ऐका. ‘द वुमन कटिंग कॅरट्स’ मध्ये ‘इज’ राहून गेलाय, आणि बोलताना ते आपल्या लक्षातही येत नाही, कारण मनातल्या ‘कापतेय’ मध्ये ‘आहे’ वेगळा उभाच नसतो, तो आत मुरलेला असतो. प्रत्येक ‘इंग’च्या अलीकडे ‘इज’ किंवा ‘आर’ कानावर पडतो का, एवढंच तपासा. ‘देअर इज अ वुमन कटिंग कॅरट्स’ हे मात्र चालतं, कारण त्यात ‘इज’ आधीच येऊन गेला. आणि ‘पीपल’ असेल तर ‘आर’: ‘पीपल आर वेटिंग’.

दुसऱ्यांदा शांतता ऐका. तीन सेकंदांहून लांब थांबलात ती जागा लक्षात ठेवा आणि तिथे काय शोधत होतात ते आठवा. शब्द शोधत होतात का पुढे कुठे जायचं ते? पुढची जागा शोधत असाल तर वाट पक्की नव्हती, पुन्हा बोट फिरवा.

शब्द अडला असेल तर त्याचा उपाय वेगळा. नेमका शब्द येत नसेल तर वस्तूचा आकार, काम किंवा ती कशाची आहे ते सांगा. स्टूल आठवलं नाही, तर ‘अ स्मॉल चेअर विदाउट अ बॅक’. एप्रन आठवलं नाही, तर ‘शी इज वेअरिंग समथिंग ग्रीन ओव्हर हर क्लोद्ज’. परीक्षेत हे कमीपणाचं नाही, उलट अडल्यावर वाट काढता येते हे त्यातून दिसतं. शब्दासाठी थांबून राहणं मात्र महागात पडतं. अगदीच अडकलात तर ‘बी१’च्या परीक्षकाकडे ठरलेले छोटे प्रश्न असतात: माणसांबद्दल बोला, जागेबद्दल बोला, इतर वस्तूंबद्दल बोला. सराव करताना हेच तीन प्रश्न स्वतःला विचारा. आणि मिनिट झाल्यावर परीक्षकाने मध्येच ‘थँक यू’ म्हटलं तर त्यात काही वावगं नाही, वेळ संपली एवढाच त्याचा अर्थ.

फोटो बदलला की

स्वयंपाकघराचा फोटो सोपा असतो, कारण त्यात माणसंही मोजकी आणि वस्तूही भरपूर. दोन प्रकारचे फोटो जरा अडवतात.

एक म्हणजे एकच माणूस आणि भोवती मोकळी जागा. समजा, समुद्रकिनाऱ्यावर एक तरुण सायकल धरून उभा आहे. इथे वाट फोटोवर फिरवू नका, माणसावर फिरवा, डोक्यापासून पायापर्यंत. ‘ही हॅज शॉर्ट हेअर. ही इज वेअरिंग अ ब्लू शर्ट अँड शॉर्ट्स. ही इज होल्डिंग अ बाइक. ही इज लुकिंग ॲट द सी.’ मग त्याच्या मागे काय, वर आकाश कसं, वाळूवर काय पडलंय. इथे ‘बिहाइंड हिम’ आणि ‘इन द बॅकग्राउंड’ यांवरच अर्धं मिनिट निघतं.

दुसरा म्हणजे गर्दी: स्टेशन, बाजार, मैदान. इथे प्रत्येकाबद्दल बोलायला गेलात तर वाक्यं तुटतात. आधी सगळ्यांना एकत्र घ्या, मग त्यांतले तीनच निवडा, आणि ते फोटोच्या वेगवेगळ्या भागांतले असू द्या. ‘देअर आर अ लॉट ऑफ पीपल ॲट अ स्टेशन. सम पीपल आर वेटिंग, अँड अदर्स आर गेटिंग ऑन द ट्रेन. इन द फोरग्राउंड, अ गर्ल इज सिटिंग ऑन हर सूटकेस. बिहाइंड हर, टू मेन आर टॉकिंग. ऑन द राइट, अ वुमन इज रनिंग बिकॉज, आय थिंक, शी इज लेट.’ सूटकेसवर बसलेली मुलगी दिसली की ‘बसलीय’ मनात येईलच. तिथे एक श्वास घ्या आणि ‘इज सिटिंग’ म्हणा.